पदोन्नती समितीपुढची टिप्पणी कशी लिहावी: आस्थापना शाखेत नव्याने आलेल्यांसाठी

आस्थापना शाखेत बदली झाली की पहिल्या वर्षातच कधीतरी साहेब म्हणतात, "विभागीय पदोन्नती समितीची बैठक लावायची आहे, टिप्पणी तयार ठेवा." मग आपण मागच्या वर्षीची टिप्पणी काढतो, नावं बदलतो, तारखा बदलतो आणि सादर करतो. मीही माझी पहिली टिप्पणी अशीच केली होती. पाच जणांच्या नावांपुढे "सेवा समाधानकारक" असं पाच वेळा लिहिलं होतं. समितीच्या अध्यक्षांनी एकच विचारलं, "कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बैठक पुढे ढकलली गेली आणि वर्षानुवर्षं पदोन्नतीची वाट पाहणाऱ्या दोघांचे दोन महिने माझ्यामुळे गेले. पुढचं सगळं त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

उदाहरण राज्य शासनाच्या जिल्हास्तरीय कार्यालयाचं घेऊ. कनिष्ठ लिपिकांतून वरिष्ठ लिपिकाची दोन पदं भरायची आहेत. ज्येष्ठतासूचीतले ११ ते १५ क्रमांकाचे पाच कर्मचारी विचारक्षेत्रात आहेत. उदाहरण मी रचलेलं आहे, पण यातली प्रत्येक अडचण मी कुठल्या ना कुठल्या नस्तीत पाहिलेली आहे.

आधी नियम उघडा, माणसं नंतर

नावांना हात लावण्याआधी त्या पदाचे सेवाप्रवेश नियम काढा आणि पदोन्नतीची पद्धत कोणती ते शब्दशः वाचा. "पात्रतेच्या अधीन राहून ज्येष्ठता" आणि "काटेकोर गुणवत्ता" या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या पद्धतीत किमान पात्रतेची रेष आखलेली असते. जो रेषेच्या वर आहे त्याला ज्येष्ठतेच्या क्रमाने घ्यायचं असतं. कनिष्ठ माणूस कितीही हुशार असला तरी पात्र ज्येष्ठाला ओलांडून पुढे जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली बी. व्ही. शिवय्या प्रकरणात ज्येष्ठता-नि-गुणवत्तेबद्दल हेच सांगितलं: किमान आवश्यक गुणवत्ता असली की ज्येष्ठालाच प्राधान्य, मग त्याच्याहून कनिष्ठ माणूस अधिक गुणवान का असेना.

नवीन माणसाची सर्वांत मोठी चूक इथेच होते. "तुलना करा" म्हटलं की तो उमेदवारांची एकमेकांशी तुलना करतो. टिप्पणीत वाक्य येतं: "क्र. ११ च्या तुलनेत क्र. १५ चे काम सरस आहे." पद जर पात्रतेच्या अधीन राहून ज्येष्ठतेचं असेल, तर हे वाक्य अनावश्यक तर आहेच, शिवाय घातकही आहे. समितीने नियमाबाहेरचा निकष लावला असं म्हणायला ते आयतं कारण देतं. प्रत्येक उमेदवाराला निकषाशेजारी उभं करा, दुसऱ्या उमेदवाराशेजारी नको.

आपल्या उदाहरणात पद्धत पात्रतेच्या अधीन राहून ज्येष्ठता अशी आहे आणि निकष चार आहेत: कनिष्ठ लिपिक पदावर तीन वर्षांची नियमित सेवा, विभागीय परीक्षा उत्तीर्ण किंवा नियमाप्रमाणे सूट, मागच्या पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांची सरासरी प्रतवारी किमान "ब", आणि विभागीय चौकशी किंवा फौजदारी खटला प्रलंबित नसणं. हे चारही निकष नियमाच्या किंवा शासन निर्णयाच्या क्रमांकासह टिप्पणीच्या पहिल्या पानावर लिहा. नियमात जे शब्द आहेत तेच लिहा. "परीक्षा दिलेली असावी" आणि "परीक्षा उत्तीर्ण असावा" यांत एखाद्याच्या नोकरीचा फरक असतो.

तारीख ठरवा

निकष कोणत्या दिवशी पूर्ण व्हायला हवेत? हा दिवस टिप्पणीत लिहिलेला नसेल तर पुढचा सगळा तक्ता अधांतरी राहतो. राज्य शासनात निवडसूचीचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं धरतात. आपल्या उदाहरणात पात्रतेचा दिनांक १ सप्टेंबर २०२४ आहे आणि विचारात घ्यायचे अहवाल २०१९-२० ते २०२३-२४ या वर्षांचे आहेत.

क्र. १५ चं प्रकरण याच तारखेवर अडतं. तो कार्यालयातला सर्वांत कामसू मुलगा. संगणकावर त्याचा हात चालतो आणि सगळ्यांना तोच वर जावा असं वाटतं. पण त्याची विभागीय परीक्षा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली आणि समितीची बैठक डिसेंबरात आहे. बैठकीच्या दिवशी तो उत्तीर्ण आहे, पात्रतेच्या दिनांकाला नव्हता. टिप्पणीत एवढंच लिहायचं: "निकष क्र. २ ची पूर्तता दि. १/९/२०२४ रोजी होत नाही. या निवडसूचीसाठी पात्र नाहीत." पुढे "तथापि त्यांचे काम उत्कृष्ट असल्याने समितीने सहानुभूतीपूर्वक विचार करावा" अशी पुस्ती जोडायचा मोह होतो. जोडू नका. समितीला नियम शिथिल करायचा अधिकारच नसेल, तर त्या वाक्याने त्या मुलाला खोटी आशा लागते आणि समितीला अडचण होते.

चौकशीचा निकष मात्र या तारखेने बघून चालत नाही. त्याची स्थिती बैठकीच्या दिवशीची लागते आणि नंतर आदेशाच्या दिवशीचीही. त्याकडे खाली येतो.

तक्त्यातला प्रत्येक रकाना एका कागदाला बांधा

तुलनात्मक तक्ता हा टिप्पणीचा कणा आहे. उभ्या रकान्यांत निकष, आडव्या ओळींत उमेदवार, ज्येष्ठतेच्या क्रमाने. रकान्यात "होय", "आहे", "समाधानकारक" असं काही लिहू नका. तारीख किंवा प्रतवारी लिहा आणि तिच्यापुढे पत्रव्यवहार विभागातला पृष्ठ क्रमांक. "उत्तीर्ण" ऐवजी "दि. १४/६/२०१९, पृ. ५८/पवि". समितीच्या सदस्याने बोट ठेवलं की तुम्ही थेट ते पान उघडून दाखवलं पाहिजे.

तक्ता भरताना मागच्या वर्षीच्या तक्त्यावरून उतरवू नका. सेवापुस्तकं मागवा आणि पानं उलटा. क्र. ११ चं उदाहरण बघा. त्याच्या नावापुढे परीक्षेचा रकाना मागची दोन वर्षं कोरा होता आणि कोरा म्हणून "अनुत्तीर्ण" धरला गेला होता. सेवापुस्तकात मात्र एका पानाच्या तळाशी लाल शाईतली एक ओळ होती: वयाची ४५ वर्षं पूर्ण झाल्याने विभागीय परीक्षेतून सूट, आदेश क्रमांक, तारीख, सही. आपल्या पदाच्या परीक्षा नियमांत अशी सूट आहे, म्हणजे तो पात्र आहे. कदाचित दोन वर्षांपूर्वीही पात्र होता.

त्याच्याबद्दलचा परिच्छेद असा लिहावा:

"ज्येष्ठता क्र. ११: नियमित सेवा दि. २/७/२००८ पासून (पृ. ४१/पवि). विभागीय परीक्षा उत्तीर्ण नाहीत, तथापि दि. ८/३/२०२२ च्या आदेशान्वये परीक्षेतून सूट (पृ. ६१/पवि). सूट पात्रतेच्या दिनांकापूर्वीची असल्याने निकष क्र. २ ची पूर्तता होते. पाच वर्षांची सरासरी प्रतवारी ब+. चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला पृ. ७०/पवि. पदोन्नतीस पात्र."

यात एकही विशेषण नाही, आणि तरी "कशावरून?" विचारायला जागा उरत नाही.

गोपनीय अहवाल: फक्त प्रतवारी बघून भागत नाही

अहवालांतून टिप्पणीत फक्त वर्षनिहाय प्रतवारी आणि सरासरी उतरवायची. अहवालातले शेरे, स्वभावाबद्दलची वाक्यं टिप्पणीत आणू नयेत. मूळ अहवाल बैठकीत बंद पाकिटातून समितीपुढे ठेवायचे आणि परत घ्यायचे. सरासरी काढण्याची रीत तुमच्या विभागाला लागू असलेल्या शासन निर्णयात असेल तीच वापरा आणि आकडेमोड टिप्पणीला जोडा. एखाद्या वर्षाचा अहवालच नसेल, तर रकाना कोरा सोडू नका. तो का नाही (दीर्घ रजा, प्रतिवेदन अधिकाऱ्याची निवृत्ती, लिहिलाच गेला नाही) आणि त्याऐवजी कोणत्या वर्षाचा अहवाल घेतला, हे लिहा.

आता क्र. १४. तिच्या पाच वर्षांच्या प्रतवाऱ्या अशा: ब, ब-, ब, ब-, ब. सरासरी रेषेच्या किंचित खाली येते. वरवर पाहता "अपात्र" लिहून मोकळं होता येतं. पण एक प्रश्न विचारायलाच हवा: दोन्ही "ब-" तिला कळवले होते का? सर्वोच्च न्यायालयाचा २००८ सालचा देव दत्त प्रकरणातला निकाल आस्थापनेच्या प्रत्येक माणसाने ध्यानात ठेवावा. सीमा सडक सेवेतल्या एका अभियंत्याला एका वर्षी "चांगला" असा शेरा होता, आणि पदोन्नतीसाठी "अति चांगला" लागत होता. शेरा वाईट नव्हता म्हणून तो त्याला कळवलाच नव्हता. न्यायालयाने म्हटलं की शेरा ज्या नावाने ओळखला जातो ते महत्त्वाचं नाही, त्याने पदोन्नती अडत असेल तर परिणामी तो प्रतिकूलच आहे. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवायला हवी आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी.

म्हणून प्रतवारीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना करा: "कळविल्याचा दिनांक व पोच". क्र. १४ च्या ओळीत तो रिकामा निघाला. अशा वेळी बैठकीला वेळ असेल तर त्या दोन्ही अहवालांच्या प्रती तिला लगेच द्या, पोच घ्या, तिचं अभिवेदन आलं तर सक्षम अधिकाऱ्याकडून निर्णय करून घ्या आणि मगच तक्ता पूर्ण करा. वेळ नसेल तर टिप्पणीत स्पष्ट लिहा: "२०२०-२१ व २०२२-२३ ची प्रतवारी संबंधितांस कळविल्याचे अभिलेखावरून दिसून येत नाही. केवळ या प्रतवारीच्या आधारे अपात्र ठरविणे उचित होणार नाही. समितीच्या निर्णयार्थ." आपल्या कार्यालयाची त्रुटी अशी उघडपणे लिहायला जीवावर येतं, हे मला माहीत आहे. पण ती तुम्ही लिहिली नाहीत, तर पुढे न्यायाधिकरणात समोरचा वकील वाचून दाखवतो. आणि त्याआधी, जिचं नुकसान होतंय तिला आपल्याला दोन वर्षं "ब-" मिळालेत हेसुद्धा ठाऊक नसतं. मला यातलं सर्वांत जास्त हेच लागतं.

चौकशी: जावक नोंदवही हातात घ्या

क्र. १२ आणि क्र. १३ या दोघांबद्दल कार्यालयात एकच वाक्य बोललं जातं: "त्यांची चौकशी चालू आहे ना!" टिप्पणीत हे वाक्य चालत नाही. चौकशी कोणत्या टप्प्यावर आहे यावर सगळं अवलंबून असतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये जानकीरामन प्रकरणात रेष आखून दिली. विभागीय चौकशीत दोषारोपपत्र बजावण्यासाठी काढलं गेलं, किंवा फौजदारी प्रकरणात न्यायालयात आरोपपत्र गेलं, तरच समितीचा निष्कर्ष प्रकरण संपेपर्यंत बंद ठेवण्याची, म्हणजे मोहोरबंद पाकिटाची पद्धत लावता येते. नुसती तक्रार, प्राथमिक चौकशी, खुलासा मागवणं एवढ्यावर पदोन्नती अडवता येत नाही. (माणूस निलंबित असेल तर त्याच्याबाबतीतही पाकिटाचीच पद्धत.)

क्र. १३ बद्दल आठ महिन्यांपूर्वी तक्रार आली, प्राथमिक चौकशी झाली आणि दोषारोपपत्राचा मसुदा साहेबांच्या टेबलावर आहे. मसुदा म्हणजे दोषारोपपत्र नव्हे. बैठकीपर्यंत ते निघालं नाही तर क्र. १३ चा विचार इतरांसारखाच होईल. इथे तुमच्यावर दबाव येईल: "टिप्पणीत लिहा ना चौकशी प्रस्तावित म्हणून." वस्तुस्थिती म्हणून हवं तर लिहा, पण तिच्यापुढे दुसरं वाक्यही लिहा: "बैठकीच्या दिनांकापर्यंत दोषारोपपत्र निर्गमित झालेले नाही, निकष क्र. ४ ची बाधा येत नाही."

क्र. १२ चं उलट आहे. त्याच्याविरुद्ध महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम ८ खाली दोषारोपपत्र काढलं. ते बैठकीच्या चार दिवस आधी नोंदणीकृत टपालाने पाठवलं. तो गावी रजेवर होता आणि पाकीट त्याला बैठकीनंतर मिळालं. तो म्हणतो, "बैठकीच्या दिवशी माझ्या हातात काहीच नव्हतं." १९९३ च्या खुराना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा सोडवला आहे. दोषारोपपत्र तयार होऊन रवाना झालं की ते निर्गमित झालं, प्रत्यक्ष हातात पडण्याची वाट बघावी लागत नाही. म्हणून पुरावा म्हणून लागते ती जावक नोंदवहीतली नोंद आणि टपालाची पावती. मी अशा प्रकरणात जावक नोंदवहीच्या त्या पानाची साक्षांकित प्रत नस्तीला लावते. दोषारोपपत्रावर घातलेली तारीख आणि ते जावक झाल्याची तारीख यांत कधी आठवड्याचं अंतर असतं, आणि धरायची ती जावक तारीख.

मोहोरबंद पाकीट म्हणजे क्र. १२ अपात्र, असा अर्थ नाही. "चौकशी सुरू असल्याने अपात्र" हे वाक्य मी कितीतरी टिप्पण्यांमध्ये खोडलं आहे. समितीने त्याचा विचार चौकशी नाहीच असं समजून, बाकीच्या निकषांवर करायचा असतो. म्हणून तक्त्यात त्याची ओळ इतरांसारखीच पूर्ण भरा. समितीचा निष्कर्ष पाकिटात जातो, पाकिटावर नाव, पद आणि "विभागीय चौकशी पूर्ण होईपर्यंत उघडू नये" असा शेरा येतो, आणि इतिवृत्तात फक्त पाकिटाचा उल्लेख राहतो. तो निर्दोष सुटला तर पाकीट उघडून त्याला त्याची जागा मिळायला हवी. पाकिटात काहीच नसेल, तर तेव्हा उघडून उपयोग काय? शिवाय त्याच्यामागून ज्याला पदोन्नती मिळेल ती पाकिटाच्या निष्कर्षाच्या अधीन असेल, हे टिप्पणीत आणि आदेशातही लिहा.

शिफारस

आता शिफारशीचा परिच्छेद जवळजवळ आपोआप येतो: "दोन रिक्त पदांसाठी ज्येष्ठता क्र. ११ व १३ पदोन्नतीस पात्र असून त्यांची शिफारस करण्यात येत आहे. क्र. १२ बाबतचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात ठेवण्यात यावा. क्र. १३ ची पदोन्नती त्या निष्कर्षाच्या अधीन राहील. क्र. १४ बाबत परिच्छेद ९ पहावा. क्र. १५ पात्रतेच्या दिनांकास निकष क्र. २ पूर्ण करीत नाहीत." यापूर्वी बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतल्याचा उल्लेख आणि रिक्त पदं कशी आली (निवृत्ती, पदोन्नती, नवीन निर्मिती) हे दोन ओळींत आलेलं असावं.

ज्यांची शिफारस नाही त्यांच्याबद्दल जास्त काळजीने लिहा. ज्याला पदोन्नती मिळाली तो टिप्पणी वाचत नाही. ज्याला मिळाली नाही तो माहितीच्या अधिकारात तिची प्रत मागतो, घरी नेतो, ओळ न् ओळ वाचतो आणि पटलं नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो. टिप्पणी पूर्ण झाली की मी एकदा क्र. १४ च्या आणि एकदा क्र. १५ च्या जागी बसून ती वाचते. माझं नाव वगळण्याचं कारण मला यात सापडतं का? ते नियमात आहे का? त्याचा कागद कुठल्या पानावर आहे? यांतल्या एका जरी प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर तो परिच्छेद परत लिहिते.

बैठकीनंतरचं एक काम

इतिवृत्तावर सह्या झाल्या की आपण सुटलो असं वाटतं, पण आदेश निघेपर्यंत कधी दोन-तीन आठवडे जातात. तेवढ्यात क्र. १३ चं ते दोषारोपपत्र निघू शकतं. म्हणून आदेशाच्या मसुद्यावर सही घेण्याच्या दिवशी शिस्तभंगविषयक कार्यासनाकडून नव्या तारखेचा दाखला घ्या: दोषारोपपत्र नाही, निलंबन नाही, खटला नाही. बैठकीसाठी घेतलेला जुना दाखला पुन्हा वापरू नका. नव्या दाखल्यात काही निघालं, तर आदेश तसाच थांबवा आणि नस्ती समितीच्या अध्यक्षांकडे परत सादर करा. काही निघालं नाही, तर तो दाखला आदेशाच्या कार्यालयीन प्रतीच्या मागेच टाचून ठेवा. दोन वर्षांनी नस्ती उघडणाऱ्याला तो पहिल्यांदा तिथेच शोधायचा असतो.